न विकलेल्या मालाचा धनी

कारागिराने आपला माल दुकानात ठेवावा, दुकानदाराने तो विकावा, आणि विकला गेल्यावर आलेल्या किमतीतून ठरलेला हिस्सा राखून बाकीची रक्कम कारागिराच्या हाती द्यावी, असा जो व्यवहार आपल्याकडे हस्तव्यवसायाच्या मालात सर्रास चालतो, त्याविषयी तंटा निघाला म्हणजे तो बहुधा शेकड्यावर येऊन थांबतो. दुकानदाराने शेकडा तीस घ्यावेत, चाळीस घ्यावेत की पन्नास, एवढ्यावरच दोन्ही पक्षांचे सारे बळ खर्च होते, आणि विक्री झालीच नाही तर काय, हा प्रश्न वर्षअखेरीस धूळ बसलेल्या मालासमोर उभे राहिल्यावरच कोणाच्या तरी मनात येतो. सावंतवाडीच्या लाखकामाचा माल विकणाऱ्या एका बाई आणि त्यांच्या दुकानात गंजिफांचे संच ठेवणारे एक वृद्ध चितारी, यांच्यात असाच एक वाद माझ्यासमक्ष झाला. सहकारी संस्थांच्या हिशेबतपासणीत माझी उमेदीची वर्षे गेलेली असल्यामुळे कराराचा मसुदा मी करून द्यावा, अशी दोघांचीही इच्छा होती. दोघेही सचोटीचे, दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी सयुक्तिक. म्हणूनच तो संवाद नोंदवून ठेवण्याजोगा वाटतो.

वादाचा विषय होता दशावतारी गंजिफांचा संच. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढे सांगितले पाहिजे, की या संचात 120 वाटोळी पाने असतात. विष्णूच्या दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात एक राजा, एक वजीर आणि एक्क्यापासून दश्शापर्यंत दहा पाने. प्रत्येक पान खळ लावून, घोटून, हाताने रंगवून, वर लाखेचा हात देऊन सिद्ध करायचे असते, आणि सारा संच चित्रे काढलेल्या लाकडी पेटीत बसवून द्यायचा असतो. बाईंच्या दुकानात अशा संचाची किंमत 6,000 रुपये होती. त्यातले शेकडा चाळीस, म्हणजे 2,400 रुपये दुकानाचे, आणि 3,600 चिताऱ्यांचे.

प्रथम चितारीकाका बोलले. “ताई, तुम्ही चाळीस घेता याबद्दल माझी तक्रार नाही, दुकानाला भाडे आहे, विजेचे बिल आहे, मुलींचा पगार आहे, हे मला कळते. पण दसऱ्यानंतर मी तुमच्याकडे माल ठेवतो आणि मे महिन्यापर्यंत, म्हणजे आठ महिने, माझे पैसे तुमच्या कपाटात बसून राहतात. रंग मी विकत आणलेला, लाख मी विकत आणलेली, पेटीचे सुतारकाम रोखीने करून घेतलेले. तुमचे यात काय अडकले? माल विकला तर तुम्हाला चाळीस, नाही विकला तर तोटा सगळा माझा. असा भागीदार मी दुसऱ्या कोणत्याही धंद्यात पाहिला नाही.”

बाईंनी हे शांतपणे ऐकून घेतले आणि खतावणी उघडली. “काका, अडकत काय नाही ते मी तुम्हाला दाखवते. त्याच फळीवर मी लाकडी फळांची टोपली ठेवली तर ऐंशी रुपयांची फळे महिन्याला चाळीस जातात. म्हणजे 3,200 ची विक्री आणि दुकानाचा हिस्सा 1,280. तुमचा संच आठ महिन्यांत एक गेला तर मला 2,400 मिळतात, म्हणजे महिन्याला 300. भाडे दोन्ही फळ्यांना सारखेच आहे. खरे पाहता सावकाश जाणाऱ्या मालावर मी चाळीस नव्हे, पन्नास घेतले पाहिजेत. गिऱ्हाईक तासभर पाने पाहते, कोणता अवतार कोणता हे विचारते, मुली सगळे समजावून सांगतात, आणि शेवटी ते एक भोवरा घेऊन जाते. तो तास कोणाच्या खाती लिहायचा?”

येथे दोघांचे युक्तिवाद एकाच वस्तुस्थितीतून निघून परस्परविरुद्ध दिशांना गेले, हे वाचकांच्या लक्षात येईल. माल सावकाश जातो म्हणून पैसे अडकलेल्या कारागिराला आपला हिस्सा वाढावा असे वाटते, आणि माल सावकाश जातो म्हणूनच जागा अडकलेल्या दुकानदाराला आपला हिस्सा वाढावा असे वाटते. शेकडा कितीही इकडे-तिकडे सरकवला तरी या विरोधाचा निकाल लागत नाही, कारण दोघांनाही जे बोचते आहे ते विकलेल्या संचाच्या वाटणीत नसून न विकलेल्या संचात आहे, आणि शेकडा तर विकलेल्या संचालाच लागू पडतो.

काकांनी मग दुसरा पर्याय मांडला. “त्यापेक्षा तुम्ही माल रोखीने विकत घ्या. निम्म्या किमतीत, तीन हजारांत देतो. सहाशे रुपये कमी आले तरी चालतील. निदान रात्री झोप तरी लागेल.”

“आनंदाने घेईन,” बाई म्हणाल्या, “पण मग दहा नाही, दोनच घेईन. आज तुमचे दहा संच माझ्याकडे आहेत ते माझा पैसा गुंतलेला नाही म्हणून आहेत. रोखीचा व्यवहार सुरू झाला की मला प्रत्येक संचाचा विचार करावा लागेल. मत्स्य-कूर्माच्या पानांवर तुम्ही जी नवी वेलबुट्टी काढून पाहिली आहे, तसा माल तर मी मुळीच घेणार नाही, कारण तो जाईल की नाही हे मला ठाऊक नाही.”

या उत्तरात मोठे तथ्य आहे. ठेवीवर माल देण्याच्या पद्धतीने कारागिराला जी एक गोष्ट मिळते, ती म्हणजे दुकानाच्या भीतीवाचून नवे काही करून पाहण्याची मोकळीक. दुकानदाराचा पैसा मध्ये आला की निवड कठोर होते. तेव्हा मी कागद पुढे ओढला आणि दोन्ही पर्याय दहा संचांवर मांडून दाखवले. दहाही संच रोखीने गेले असते तर काकांना 30,000 मिळाले असते. ठेवीवर दिले तर प्रत्येक विकलेल्या संचामागे 3,600 मिळणार. परंतु परत आलेला संच निव्वळ वाया जात नाही, पाने पुसूनपासून, पेटी दुरुस्त करून तो दुसरीकडे समजा 2,400 च्या मोलाचा राहतो. असे धरले तर दहांपैकी पाच संच विकले गेले म्हणजे 18,000 रोख आणि 12,000 चे मोल, मिळून बरोबर 30,000 होतात. म्हणजे निम्म्याहून अधिक संच खपत असतील तर ठेवीवर देण्यात काकांचा लाभ, निम्म्याहून कमी खपत असतील तर रोखीत. आणि परत आलेल्या संचाचे मोल 2,400 ऐवजी शून्य धरले, तर दहांपैकी निदान नऊ खपले तरच ठेवीवर देणे परवडते.

काकांनी शेवटचे वाक्य दोनदा वाचायला लावले. “म्हणजे सगळे परत येणाऱ्या संचावर अवलंबून?”

“बहुतेक सगळे,” मी म्हणालो. “पैशाच्या व्याजाची तुम्ही जी काळजी करता ती त्यामानाने लहान आहे. तीन हजारांवर शेकडा बारा दराने आठ महिन्यांचे व्याज 240 होते. ठेवीवर देऊन तुम्हाला जे 600 अधिक मिळतात त्यातून ते भागते. पण संच कोणत्या अवस्थेत परत येतो, आणि खराब झाला तर कोणाच्या जबाबदारीवर झाला, यात सहाशेचे सहा हजार होऊ शकतात.”

तेव्हा काकांनी मनात दाबून ठेवलेली गोष्ट बाहेर काढली. गेल्या हंगामात परत आलेल्या एका संचात 119 पाने निघाली होती. वामनाच्या रंगातला पंजा कोठेतरी गहाळ झाला होता. बाईंना हे ठाऊक नव्हते. त्या म्हणाल्या, “एकच पान ना काका? ते तुम्ही पुन्हा रंगवून देऊ शकला असता.”

“रंगवायला एक दिवस पुरे आहे, ताई,” काका उत्तरले, “पण पाठ कशी जुळवू? सगळ्या पानांची पाठ एकाच वेळी, एकाच लाखेने केलेली असते. नव्या पानाची पाठ जराशी जरी उजळ राहिली तरी खेळणाऱ्याला ते पान हातात न घेताच ओळखू येते, आणि मग तो खेळ उरत नाही. शोभेसाठी म्हणून कोणी घेईल, पण गंजिफांचा संच म्हणून तो गेला.”

एका पानाने संपूर्ण संच बुडावा हे या मालाचे वैशिष्ट्य असल्यामुळे कायद्याची स्थिती मी दोघांना जरा विस्ताराने सांगितली. करारात नुकसानीविषयी काही लिहिलेले नसेल, तर 1872 च्या करार कायद्याप्रमाणे दुसऱ्याचा माल सांभाळणाऱ्यावर एवढेच बंधन असते, की सामान्य समजूतदार मनुष्य स्वतःच्या तशाच मालाची जेवढी काळजी घेईल तेवढी त्याने घ्यावी. तेवढी घेतल्यावरही माल चोरीला गेला, गहाळ झाला, वा नासला, तर नुकसान मालकाचे, म्हणजे कारागिराचे. ते दुकानावर टाकायचे असेल तर तसे स्पष्ट कलम घातले पाहिजे. कागद गप्प राहिला की कायदा दुकानाच्या बाजूने झुकतो. बाईंनीही हे प्रथमच ऐकले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधानापेक्षा संकोच अधिक दिसला.

त्याहून महत्त्वाची बाब मुदतीची होती. ठेवीवर माल देण्याचे दोन प्रकार आहेत आणि आपल्याकडे त्यांची सरमिसळ सर्वत्र होते. एका प्रकारात दुकान कारागिराचे केवळ अडते असते. माल विकेपर्यंत धनी कारागीरच, मग त्याला सहा महिने लागोत की सहा वर्षे. दुसरा प्रकार जांगडीचा. त्यात दुकान माल पसंतीवर घेते, आणि 1930 च्या मालविक्री कायद्याप्रमाणे ठरलेल्या मुदतीत नापसंती कळवली नाही वा माल परत केला नाही, तर मुदत संपताच माल दुकानाचा होतो व त्याची किंमत दुकानाला द्यावी लागते. मुदत लिहिलेलीच नसेल तर वाजवी अवधी लोटल्यावर तसेच घडते. दोन्ही कागद दिसायला सारखे, पावतीवरचे आकडे सारखे. पण विसरून राहिलेल्या संचाचा धनी एका कागदाने काका ठरतात आणि दुसऱ्याने बाई. माझे मत मी लपवले नाही: शेकड्याचा आकडा ठरवण्यापूर्वी या दोहोंतला कोणता व्यवहार आपण करतो आहोत हे पक्के झाले पाहिजे, कारण आकड्याचा न्याय-अन्याय त्यावरच ठरतो. शेकडा चाळीस घेणारे दुकान मुदतीअंती न विकलेला माल स्वतःच्या खाती घेत असेल तर तो आकडा कमीच म्हणावा लागेल. माल सांभाळण्याची जबाबदारी सुद्धा न घेता कोणी चाळीस मागत असेल तर तो जास्त आहे.

“मुदत मे अखेर ठेवा,” काका लगेच म्हणाले. “मृग लागण्यापूर्वी माल माझ्या घरी आला पाहिजे. पावसात लाख ओल धरते, पाने एकमेकांना चिकटतात, पेटीला बुरशी येते. घरी मी ती उलगडून, फडक्यात बांधून, चुलीच्या उबेला ठेवतो. दुकानात कोण ठेवणार?”

“आणि चतुर्थीला मी काय विकू?” बाईंचा स्वर पहिल्यांदाच चढला. “मुंबईहून चाकरमानी येतो तो तेव्हा. परत जाताना नातवंडांसाठी गावची वस्तू नेतो. माझ्या वर्षातला तो सर्वांत चांगला पंधरवडा, आणि नेमके तेव्हाच तुमचे कपाट रिकामे!”

यावर दोघेही काही काळ बोलले नाहीत. मीही घाई केली नाही. हिशेबतपासणीत मी पुष्कळ करार पाहिले, आणि अडचणीच्या कलमावर मध्यस्थाने चटकन सुचवलेली तडजोड पहिल्या पावसाळ्यातच मोडते, असा माझा अनुभव आहे. तोवर आम्ही सोपी कलमे आटोपली. संच देताना आणि घेताना दोघांसमक्ष 120 पाने मोजायची, पेटीवर अनुक्रमांक घालायचा, पावतीच्या दोन प्रती करायच्या, आणि पेटी दोऱ्याने बांधून मोहोरबंद करायची. गिऱ्हाइकाला हाताळायला दहा अवतारांच्या दहा राजांची नमुन्याची पाने वेगळी ठेवायची, आणि ती दुकानाने विकत घ्यायची. या एका व्यवस्थेने पान गहाळ होण्याचे मूळच तुटते, आणि दहा संच मांडून ठेवण्याची गरजही उरत नाही. नमुना पाहून गिऱ्हाईक पसंत करते, मोहोरबंद संच दोन असले तरी पुरतात. बाईंच्या फळीच्या भाड्याचा युक्तिवाद त्यामुळे पुष्कळसा निवळला, हे त्यांनी स्वतःच मान्य केले.

सवलतीचा प्रश्न काकांनी काढला आणि तो योग्य होता. दुकानाने आपण होऊन शेकडा दहा सूट दिली तर संच 5,400 ला जातो. चाळीस-साठची वाटणी त्या रकमेवर केली तर काकांना 3,240 मिळतात, म्हणजे बाईंनी गिऱ्हाइकावर केलेल्या मेहेरबानीतले 360 रुपये काकांच्या खिशातून जातात. मग असे ठरले, की काकांच्या संमतीवाचून त्यांचे 3,600 ढळू नयेत. आधी विचारून दिलेल्या सवलतीचा भार दोघांनी वाटून घ्यावा, न विचारता दिलेल्याचा दुकानाने एकट्याने.

नुकसानभरपाई कोणत्या भावाने, यावर बराच काथ्याकूट झाला. बाईंचे म्हणणे, गहाळ झालेल्या संचाची भरपाई साहित्याच्या खर्चाएवढी असावी. काकांचे म्हणणे, तसे झाले तर संच विकण्यापेक्षा हरवणे दुकानाला स्वस्त पडेल. येथे मी निःसंकोचपणे काकांच्या बाजूने मत दिले. भरपाई विक्रीनंतरच्या त्यांच्या हिश्शाएवढी, 3,600 चीच हवी. त्याहून अधिक मागणे वाजवी नव्हे, कारण दुकानाचा हिस्सा त्यांचा कधीच नव्हता. बाईंनी विम्याचा आधार सांगितला, तेव्हा त्यांची पॉलिसी मी मागून पाहिली. आगीच्या नेहमीच्या विम्यात दुसऱ्याचा, विश्वासाने वा कमिशनवर ठेवलेला माल स्पष्ट नमूद केल्याखेरीज धरला जात नाही. आणि त्यांच्या पॉलिसीत तो नमूद नव्हता. म्हणजे दुकानाला आग लागली असती तर बाईंच्या फळ्यांची भरपाई झाली असती, त्यांवरच्या लोकांच्या मालाची नाही. ही नोंद करून घेण्याचे काम त्यांनी त्याच आठवड्यात करावे असे ठरले.

पैसे देण्याविषयी एकच कलम घातले: प्रत्येक महिन्याच्या दहा तारखेच्या आत मागच्या महिन्याचे विक्रीपत्रक आणि रक्कम, विक्री शून्य असली तरी शून्याचे पत्रक. हे मी आग्रहाने घालायला लावले, कारण अशा व्यवहारात दुकान अडचणीत आले की पहिले लक्षण येथेच उमटते. विकलेल्या मालाचा पैसा गल्ल्यात मिसळतो, भाड्याला जातो, पत्रक लांबते, आणि जुन्या विक्रीचा हिशेब न देता दुकान नवा माल मागू लागते. नवा माल मागितला जातो आहे म्हणजे विक्री चांगली चालली असा कारागिराचा समज होतो. पण विकलेल्या मालाचे पैसे मिळण्यापूर्वी आलेली मागणी ही धोक्याची खूण आहे, आणि त्या दिवशी जाऊन फळीवरचा माल मोजणे हाच तिच्यावरचा उपाय आहे. न विकलेला माल तेव्हाही मालकाचाच असतो आणि तो उचलून आणता येतो. विकलेल्या मालाचे पैसे मात्र दुकान बुडाले तर इतर घेणेकऱ्यांच्या रांगेत उभे राहून मागावे लागतात.

मग आम्ही पुन्हा पावसाळ्याकडे आलो. या वेळी तोड बाईंनीच काढली, आणि म्हणून ती टिकेल असे मला वाटते. “मे अखेरीस सगळे संच परत,” त्या म्हणाल्या, “काका म्हणतात तसे. चतुर्थीसाठी मला जे दोन हवेत ते मी तीन-तीन हजारांत रोखीने विकत घेईन. ओलीने बिघडले तर माझे बिघडले; विकले गेले तर तीन हजार मला. पण काका, ते दोन मी निवडणार.”

“वेलबुट्टीचा एक तरी घ्या,” काका म्हणाले.

“पाहून सांगते.”

मसुद्यात मी मुदत 31 मे घातली, जांगडीचे कलम घातले, आणि शेकड्याच्या जागी चाळीस लिहिले. त्या आकड्यावर त्यानंतर कोणी काही बोलले नाही. वेलबुट्टीच्या संचाविषयी मात्र कागदात काहीच लिहिता आले नाही. तो चतुर्थीला जाईल की नाही, याविषयी काकांचा विश्वास आणि बाईंची शंका दोन्ही तशाच राहिल्या. त्या संचापुरता ठेवीचाच व्यवहार चालू ठेवावा, ओल लागली तर नुकसान निम्मे-निम्मे, असे त्यांनी तोंडी ठरवले. मी ते लिहून घ्यायला सांगितले. बाईंनी ते पावतीच्या पाठीवर लिहिले आणि काकांनी खाली सही केली.